पंचवीस भाग पाणी, पण किती स्पिरिटला?

९५ टक्के स्पिरिट १०० मिलिलीटर आहे. त्याचं ७० टक्के करायचं, तर पाणी किती घालायचं? हा प्रश्न घरात कुणालाही विचारून पाहा. बहुतेक जण क्षणभर थांबतील आणि सांगतील, पंचवीस मिलिलीटर. ९५ मधून ७० वजा केले की २५ उरतात, मग तेवढंच पाणी. ऐकायला अगदी सरळ वाटतं. पण २५ मिलिलीटर पाणी घातल्यावर मिश्रण होतं १२५ मिलिलीटर आणि त्यात अल्कोहोल असतं ९५. ९५ ला १२५ ने भागलं की येतात ७६ टक्के. सत्तरपर्यंत आपण पोचलेलोच नाही. त्यासाठी कागदावरच्या हिशेबाने जवळजवळ ३६ मिलिलीटर पाणी लागतं, आणि प्रत्यक्षात त्याहूनही थोडं जास्त.

तरीही मनात आलेला तो २५ चा आकडा टाकाऊ नाही. या हिशेबात २५ खरोखरच येतो. फक्त तो १०० शी जोडायचा नसतो. तो कशाशी जोडायचा, हे ज्याला कळलं त्याला फार्मसीच्या पहिल्या वर्षातलं ‘ॲलिगेशन’ कळलं. फार्मसी कौन्सिलच्या बी. फार्म. अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात टक्केवारीची द्रावणं आणि ॲलिगेशन यांची गणितं येतात. मुलं ती एका चौकोनी मांडणीवर भराभर सोडवतात. मांडणी पाठ असते, पण आकडे तिरके का लिहायचे, हे विचारलं की वर्ग गप्प होतो.

आधी टक्का कोणता ते पाहायचं

औषधाच्या लेबलावरचा टक्का तीन प्रकारचा असतो. मलमावर २ टक्के लिहिलेलं असेल तर १०० ग्रॅम मलमात २ ग्रॅम औषध. इथे दोन्हीकडे वजन आहे, म्हणून याला ‘वेट बाय वेट’ म्हणतात. स्पिरिटवर ७० टक्के असेल तर १०० मिलिलीटरमध्ये ७० मिलिलीटर अल्कोहोल. दोन्हीकडे आकारमान, म्हणून ‘व्हॉल्यूम बाय व्हॉल्यूम’. तिसरा प्रकार मिश्र आहे. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के असतं, त्याचा अर्थ १०० मिलिलीटर द्रावणात ०.९ ग्रॅम मीठ. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. घन पदार्थ तोलायचा आणि द्रावण मोजायचं, हा ‘वेट बाय व्हॉल्यूम’.

या तिसऱ्या प्रकारात एक सोय आहे. १०० मिलिलीटरमध्ये १ ग्रॅम म्हणजे १ मिलिलीटरमध्ये १० मिलिग्रॅम. त्यामुळे टक्क्याला दहाने गुणलं की दर मिलिलीटरला किती मिलिग्रॅम औषध आहे ते लगेच कळतं. २ टक्के लिग्नोकेनच्या एका मिलिलीटरमध्ये २० मिलिग्रॅम लिग्नोकेन असतं. हे दहाने गुणणं विसरून कुणी ‘२ टक्के म्हणजे २ मिलिग्रॅम’ धरलं, तर हिशेब दहापट चुकतो. इंजेक्शनच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते.

वर्कशीटवरचा प्रश्न हातात आला की म्हणूनच पहिली नजर आकड्याकडे जायला नको, टक्क्याच्या प्रकाराकडे जायला हवी. पुढची सगळी आकडेमोड या एका गोष्टीवर उभी असते. एका बाटलीवरचा टक्का वजनाचा आणि दुसरीवरचा आकारमानाचा असेल, तर ते दोन आकडे एकमेकांत मिसळताच येत नाहीत. आधी घनतेचा आधार घेऊन दोन्ही एकाच प्रकारात आणावे लागतात.

पाणी घातल्याने काय बदलत नाही

विरलीकरण, म्हणजे डायल्यूशन, समजायला एकच गोष्ट धरून ठेवायची. आपण पाणी घालतो तेव्हा एकूण द्रव वाढतो, तीव्रता कमी होते, पण आतलं औषध होतं तेवढंच राहतं. मूळच्या बाटलीतून जेवढं अल्कोहोल घेतलं, तेवढंच शेवटच्या बाटलीत असणार. म्हणून जुनी तीव्रता गुणिले जुनं आकारमान हे नवी तीव्रता गुणिले नवं आकारमान याएवढं असतं.

आता आपलं उदाहरण घेऊ. आपल्याला ७० टक्के स्पिरिट एक लिटर हवं आहे. त्यात अल्कोहोल किती लागेल? १००० चे ७० टक्के, म्हणजे ७०० मिलिलीटर. हे सगळं ९५ टक्क्यांच्या बाटलीतून येणार आहे. ७०० ला ०.९५ ने भागलं की ७३६.८ येतात. म्हणजे ९५ टक्के स्पिरिट सुमारे ७३७ मिलिलीटर घ्यायचं आणि पाण्याने एक लिटर करायचं. सोडवताना ‘पाणी किती?’ हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवतो. आधी विचारायचं की औषध किती लागणार, मग ते कुठून येणार. सुरुवातीच्या कोड्यात लोक चुकतात, कारण ते पाण्यापासून सुरुवात करतात.

(९५ टक्के हातात असताना ते सौम्य कशाला करायचं, असा प्रश्न येतो. अल्कोहोल जंतूंची प्रथिनं बिघडवून त्यांना मारतं आणि त्या क्रियेला थोडं पाणी लागतं. म्हणून त्वचा पुसायला आणि हात निर्जंतुक करायला ७०–८० टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल ९५ टक्क्यांहून सरस ठरतं.)

दोन बाटल्या, एक तीव्रता

पाण्याऐवजी दुसरी बाटलीही स्पिरिटचीच असेल तर? समजा, कपाटात ९५ टक्के आणि ५० टक्के अशी दोन स्पिरिट आहेत आणि त्यांतून ७० टक्के करायचं आहे. इथे ॲलिगेशन लागतं.

गणपतीची वर्गणी डोळ्यांसमोर आणा. मंडळाने ठरवलं की दर घरामागे सरासरी ७० रुपये जमले पाहिजेत. आळीत दोनच प्रकारची घरं आहेत. काही ९५ रुपये देतात, काही ५०. ९५ देणारं घर ठरल्यापेक्षा २५ रुपये जास्त देतं, ५० देणारं घर २० रुपयांनी कमी पडतं. सरासरी नेमकी ७० यायची असेल तर जास्तीचे सगळे पैसे तुटीच्या सगळ्या पैशांएवढे व्हायला हवेत. चार घरं ९५ ची असतील तर जास्तीचे होतात १०० रुपये. पाच घरं ५० ची असतील तर तूटही होते १०० रुपये. हिशेब जुळला. म्हणजे ९५ ची घरं आणि ५० ची घरं यांचं प्रमाण चारास पाच.

स्पिरिटचं अगदी असंच आहे. ९५ टक्क्यांचा प्रत्येक भाग २५ जास्त आणतो, ५० टक्क्यांचा प्रत्येक भाग २० ने कमी पडतो. जास्तीने तूट भरून काढायची, तर जास्तीच्या आकड्याएवढे भाग कमी पडणाऱ्याचे घ्यायचे आणि तुटीच्या आकड्याएवढे भाग जास्त आणणाऱ्याचे. म्हणजे ९५ टक्क्यांचे २० भाग आणि ५० टक्क्यांचे २५ भाग. २० वेळा २५ जास्त म्हणजे ५००, आणि २५ वेळा २० कमी म्हणजेही ५००.

वर्गात जी मांडणी पाठ केली जाते तिच्यात हेच लिहिलेलं असतं. डावीकडे दोन बाटल्यांच्या तीव्रता, मधोमध हवी असलेली तीव्रता, आणि उजवीकडे तिरक्या वजाबाक्या.

```
९५            २०  भाग (९५ टक्क्यांचे)
       ७०
५०            २५  भाग (५० टक्क्यांचे)
```

आकडे तिरके का जातात, याचं उत्तर आता दिसेल. ९५ ची जास्ती २५ आहे. ती ९५ च्या समोर लिहिली जात नाही, कारण ती ९५ च्या भागांची संख्या नाहीच. ती ५० टक्क्यांचे किती भाग सामावून घेता येतील ते सांगते, म्हणून ती ५० च्या समोर जाते. परीक्षेत घाईघाईने आकडे सरळ रेषेत लिहिले गेले, तर प्रमाण उलटं होतं. ती चूक ओळखायला एक खूण आहे. हवी असलेली तीव्रता ज्या बाटलीच्या तीव्रतेला जास्त जवळ आहे, त्या बाटलीचे भाग जास्त यायला हवेत. ७० पासून ५० वीस पावलांवर आहे आणि ९५ पंचवीस पावलांवर. म्हणून ५० टक्क्यांचं स्पिरिट जास्त लागणार. तसं आलं नाही, तर मांडणी उलटली आहे.

आता ९०० मिलिलीटर ७० टक्के करू. २० आणि २५ मिळून ४५ भाग, म्हणजे एक भाग २० मिलिलीटरचा. ९५ टक्के स्पिरिट ४०० मिलिलीटर, ५० टक्के स्पिरिट ५०० मिलिलीटर. ताळा करू: ४०० मध्ये अल्कोहोल ३८०, ५०० मध्ये २५०, बेरीज ६३०. आणि ९०० चे ७० टक्केही ६३०च. हा ताळा दोन ओळींचा असतो. तो न करता वर्कशीट देऊन टाकणं मला पटत नाही.

सुरुवातीच्या कोड्याकडेही याच मांडणीतून पाहता येतं. पाणी म्हणजे शून्य टक्के स्पिरिट. वर ९५, खाली ०, मध्ये ७०. पाण्याची तूट ७०, ९५ ची जास्ती २५. म्हणून ९५ टक्क्यांचे ७० भाग आणि पाण्याचे २५ भाग. २५ आला तो इथे. पण तो १०० मिलिलीटर स्पिरिटला नाही, ७० मिलिलीटर स्पिरिटला आहे.

दोघांची उत्तरं वेगळी, दोन्ही बरोबर

वर्कशीटच्या शेवटी बहुधा असा एक प्रश्न असतो: ९० टक्के, ६० टक्के, ३० टक्के अल्कोहोल आणि पाणी मिसळून ५० टक्के करा. इथे चार बाटल्या आहेत, पण युक्ती तीच. ५० पेक्षा जास्त असलेली एक आणि कमी असलेली एक अशी जोडी लावायची आणि प्रत्येक जोडी स्वतंत्र सोडवायची.

एका मुलीने ९० ची जोडी ३० शी लावली आणि ६० ची पाण्याशी. पहिल्या जोडीतून तिला ९० चे २० भाग आणि ३० चे ४० भाग मिळाले. दुसरीतून ६० चे ५० भाग आणि पाण्याचे १० भाग. शेजारच्या मुलाने ९० ची जोडी पाण्याशी लावली आणि ६० ची ३० शी. त्याला ९० चे ५० भाग आणि पाण्याचे ४० मिळाले, शिवाय ६० चे २० आणि ३० चे १० भाग. दोघांच्या वह्यांमध्ये एकही आकडा जुळत नाही. तरी दोघांच्याही भागांची बेरीज १२० येते, दोघांच्याही मिश्रणात अल्कोहोल ६० भाग आहे आणि दोघांचंही मिश्रण ५० टक्क्यांचंच आहे.

यात गूढ काही नाही. दोन बाटल्या असतील तर प्रमाण एकच निघतं. तीन किंवा अधिक झाल्या की जास्ती आणि तूट जुळवायचे कितीतरी मार्ग उरतात. प्रत्यक्ष कामात त्यांतला कुठला निवडायचा हे गणित ठरवत नाही. कुठली बाटली जास्त शिल्लक आहे आणि कुठली महाग आहे, यावर ते ठरतं. उत्तरसूचीतलं एकच उत्तर बरोबर धरून दुसऱ्याचे गुण कापले, तर तो शिकणाऱ्यावर अन्याय होतो.

मलम तोलताना

मलमाच्या हिशेबात हीच मांडणी वजनावर चालते. १२ टक्के आणि ३ टक्के सॅलिसिलिक ॲसिडची मलमं आहेत आणि ६ टक्क्यांचं ९० ग्रॅम हवं आहे. १२ ची जास्ती ६, ३ ची तूट ३. म्हणून १२ टक्क्यांचे ३ भाग आणि ३ टक्क्यांचे ६ भाग, म्हणजे ३० ग्रॅम आणि ६० ग्रॅम. ताळा: ३.६ आणि १.८ मिळून ५.४ ग्रॅम ॲसिड, आणि ९० चे ६ टक्केही तेवढेच.

फसगत होते ती कोरडी पावडर घालून तीव्रता वाढवताना. २०० ग्रॅम मलम ३ टक्क्यांचं आहे, ते ५ टक्के करायचं. मनात चटकन येतं, दोन टक्के कमी आहेत, २०० चे दोन टक्के ४ ग्रॅम, घाला चार ग्रॅम पावडर. पण ती पावडर घातल्यावर मलम २०४ ग्रॅम होतं आणि त्यात ॲसिड १० ग्रॅम, म्हणजे ४.९ टक्के. स्पिरिटमध्ये २५ मिलिलीटर पाणी घालताना झाली तीच ही चूक: एकूण वजन वाढलं ते हिशेबात धरलंच नाही. शुद्ध पावडर म्हणजे १०० टक्के धरून मांडणी केली की तिची जास्ती ९५ येते आणि ३ टक्के मलमाची तूट २. दर ९५ भाग मलमाला २ भाग पावडर, म्हणून २०० ग्रॅमला ४.२१ ग्रॅम.

पावडरला १०० टक्के धरणं वजनाच्या टक्क्यातच चालतं. ‘वेट बाय व्हॉल्यूम’ द्रावणात ते चालत नाही. तिथे द्रावण मिलिलीटरमध्ये मोजलं जातं आणि पावडर ग्रॅममध्ये, आणि एक ग्रॅम पावडर विरघळल्यावर द्रावणाचं आकारमान किती वाढेल हे मांडणीला ठाऊक नसतं. तिथे सरळ लागणारे ग्रॅम काढायचे, विरघळवायचे आणि खुणेपर्यंत पाणी भरायचं.

सिलिंडरमध्ये काहीतरी कमी पडतं

आतापर्यंतचा हिशेब कागदावर चोख आहे. आता तो सिलिंडरमध्ये करून पाहू. मांडणीप्रमाणे एक लिटर ७० टक्के स्पिरिटसाठी ९५ टक्के स्पिरिट ७३७ मिलिलीटर आणि पाणी २६३ मिलिलीटर. दोन्ही वेगवेगळी मोजून एकत्र ओतली, तर सिलिंडरमध्ये १००० दिसत नाहीत. दिसतात सुमारे ९७७. काही सांडलं नाही, काही उडालं नाही. भांडं मात्र हाताला थोडं कोमट लागतं.

पाण्याचे आणि अल्कोहोलचे रेणू एकमेकांना धरतात आणि वेगवेगळे असताना व्यापत होते त्यापेक्षा कमी जागेत बसतात. म्हणून आकारमान आकसतं, आणि या धरण्यातून थोडी उष्णताही बाहेर पडते. वजन मात्र जसंच्या तसं राहतं. म्हणूनच वजनाचे टक्के वापरले तर ॲलिगेशन कधी चुकत नाही, आणि अल्कोहोलचे आकारमानाचे टक्के वापरले तर थोडं चुकतं.

परिणाम काय होतो ते पाहा. ७०० मिलिलीटर अल्कोहोल आता १००० ऐवजी ९७७ मध्ये आहे. तीव्रता झाली जवळजवळ ७२ टक्के. ती ७० वर आणायची तर आणखी पाणी घालून पातळी लिटरच्या खुणेपर्यंत न्यायची. असं केलं की एकूण पाणी २६३ नव्हे, सुमारे २८८ मिलिलीटर लागलेलं असतं. मघाशी सुरुवातीलाच ‘प्रत्यक्षात त्याहूनही थोडं जास्त’ म्हटलं ते यासाठी.

म्हणून औषधाच्या कृतींमध्ये शेवटचं पाणी मोजून दिलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या हात-स्वच्छतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हँडरबची जी कृती दिली, ती १० लिटरसाठी अशी आहे: ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिलिलीटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलीटर, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिलिलीटर, आणि ऊर्ध्वपातित किंवा उकळून गार केलेलं पाणी १० लिटर होईपर्यंत. पहिल्या तिघांची बेरीज ८८९५ होते. कुणी वजाबाकी करून ११०५ मिलिलीटर पाणी मोजून ओतलं, तर दहा लिटर भरणारच नाहीत.

ही कृती वर्गातल्या वर्कशीटसाठी उत्तम आहे, कारण तिच्यात तीन विरलीकरणं एकाच भांड्यात होतात आणि प्रत्येकाचा ताळा करता येतो. ८३३३ चे ९६ टक्के म्हणजे ८००० मिलिलीटर इथेनॉल, दहा लिटरमध्ये ८० टक्के. पेरॉक्साइडचे साडेबारा मिलिलीटर, म्हणजे ०.१२५ टक्के. हे पेरॉक्साइड हातावरच्या जंतूंसाठी नाही. पाण्यातून किंवा बाटलीतून आलेले जिवाणूंचे बीजाणू इथेनॉलला दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी ते आहे. ग्लिसरॉल त्वचा कोरडी पडू नये म्हणून. यांतल्या एकाही घटकासाठी ॲलिगेशनची चौकट लागत नाही, कारण दुसऱ्या बाजूला पाणीच आहे आणि शेवट खुणेवर होतो.

तीव्रता तपासायची कशी

तयार झालेल्या स्पिरिटची तीव्रता अल्कोहोलमीटरने तपासतात. ही तळाशी वजन असलेली काचेची नळी असते, द्रवात सोडली की तरंगते. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तीव्रता जितकी जास्त तितकी नळी खोल जाते आणि तिच्यावरच्या पट्टीवरून टक्के वाचता येतात. मिसळल्यावर मिश्रण कोमट असतं, ते गार होऊ द्यायचं. गरम द्रव विरळ असतो, त्यात नळी जास्त खोल जाते आणि खरी नसलेली जास्त तीव्रता दाखवते. उपकरणावर लिहिलेल्या तापमानाला वाचन घ्यायचं, नाहीतर सोबतच्या तक्त्यावरून दुरुस्त करायचं. उन्हाळ्यातल्या प्रयोगशाळेत हा फरक सहज दिसतो. खुणेपर्यंत पाणी भरायचं तेही मिश्रण गार झाल्यावरच, कारण गरम असताना खूण गाठली तर गार झाल्यावर पातळी खाली जाते.

पाणी खुणेच्या खाली थांबलं तर दुरुस्ती सोपी असते. वर गेलं तर ते परत काढता येत नाही, आणि अशा वेळी ॲलिगेशन कामाला येतं. समजा, ७३७ मिलिलीटर स्पिरिट घेऊन पाणी भरताना हात चुकला आणि पातळी १०३० वर गेली. अल्कोहोल ७०० च आहे, पण १०३० चे ७० टक्के व्हायला ७२१ हवं होतं. तूट २१ मिलिलीटरची. ९५ टक्के स्पिरिटचा प्रत्येक मिलिलीटर पाव मिलिलीटर जास्तीचं अल्कोहोल आणतो. २१ ला पावने भागलं की ८४. तेवढं ९५ टक्के स्पिरिट घालायचं, थोडं आकसेल ते पाण्याच्या काही थेंबांनी १११४ पर्यंत भरायचं, आणि गार झाल्यावर नळी पुन्हा सोडून पाहायची.